आहेर बाईंच्या सेवापूर्ती समारंभातलं भाषण

सन्माननीय अध्यक्ष, संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक बाई, आहेर बाईंच्या घरची मंडळी, माझे शिक्षक आणि शिक्षकेतर सहकारी, मागे भिंतीला टेकून उभे असलेले माजी विद्यार्थी आणि पुढे सतरंजीवर बसलेली दहावी अ, सगळ्यांना नमस्कार.

दहावी अ, तुमची सराव परीक्षा झाली, आता बोर्डाचे पेपर तोंडावर आहेत, आणि त्यात दुपारच्या उन्हात भाषणं ऐकायची. थोडं सहन करा. ज्यांच्यासाठी बसलाय त्यांनी तुमच्यासाठी याहून जास्त सहन केलंय.

आज ३१ जानेवारी. भूगोलाच्या सुनंदा आहेर बाई आज नियत वयोमानानुसार निवृत्त होत आहेत. जून १९९४ मध्ये त्या या शाळेत रुजू झाल्या. मी त्यानंतर दोन वर्षांनी आलो, आणि तेव्हापासून स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. मधल्या काळात स्टाफरूम दोनदा हलली, फर्निचर बदललं, आमची जागा काही बदलली नाही. त्यामुळे आजच्या कार्यक्रमात बोलायला मुख्याध्यापक बाईंनी माझं नाव सुचवलं तेव्हा कुणी चर्चाही केली नाही.

आता मी गणिताचा. गणिताचा शिक्षक आणि भूगोलाचा शिक्षक यांचं नातं काय असतं, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. डिसेंबर उजाडला की गणितवाला तास शोधत फिरतो. पीटीचा तास घेतो, चित्रकलेचा घेतो, आणि मग भूगोलाकडे बघतो. कारण भूगोल म्हणजे चाळीस मार्कांचा विषय, इतिहासाला चिकटून येणारा. बाकीचे शिक्षक हसून तास देऊन टाकायचे. आहेर बाईंनी इतक्या वर्षांत मला एक तास दिला नाही. एकदा मी म्हटलं, "बाई, भूमिती राहिलीय, पोरांचं नुकसान होईल." बाई म्हणाल्या, "सर, प्रमाण शिकवायचंय ना? या माझ्या वर्गात, नकाशावर शिकवा. तास माझाच राहील." आणि मी गेलो. नाशिक जिल्ह्याचा नकाशा लावला होता. नाशिक ते मालेगाव फूटपट्टीनं मोजायचं, नकाशाचं प्रमाण घ्यायचं, गुणायचं. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा तिथं झाला, आणि वर्ग त्यांचाच राहिला.

बाईंचा एक प्रश्न इथं बसलेल्या सगळ्यांना पाठ आहे. मागे उभ्या असलेल्यांना तर नक्की. "कुठं पाहिलंस?"

मुलानं उभं राहून उत्तर दिलं, "सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश आहे." पुस्तकातलं वाक्य, अक्षर न् अक्षर बरोबर. दुसरा कुणी शिक्षक "शाब्बास" म्हणून पुढं गेला असता. बाई म्हणणार, "कुठं पाहिलंस?" मग तो गडबडणार. मग बाई विचारणार, मामाचं गाव कुठलं? तो म्हणणार, इगतपुरी. तिथं काय लावतात? भात. आणि वर्गात सिन्नरकडचं, येवल्याकडचं कुणी आहे का? एखादी मुलगी हात वर करणार. तुमच्याकडे उन्हाळ्यात काय येतं? टँकर. एकाच जिल्ह्यात एकीकडे गुडघाभर चिखलात भातलावणी, आणि दुसरीकडे हंडे घेऊन टँकरची वाट बघायची. मग त्या दोघांना फळ्यापाशी बोलवून मधे सह्याद्री काढायला लावायच्या. पर्जन्यछाया त्यानंतर.

सायकल स्टँडचा प्रयोग जुन्या मुलांना आठवत असेल. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र साधारण ऐंशी किलोमीटरवर. आणि ही नदी जाते कुठं, तर १४६५ किलोमीटर चालत थेट बंगालच्या उपसागराला. बाई विचारायच्या, समुद्र इतका जवळ असताना एवढा वळसा कशाला? त्याच त्र्यंबकच्या डोंगरातून वैतरणा निघते, ती मात्र सरळ पश्चिमेला जाते. दोघींचं भांडण झालं का? पोरं हसायची, उत्तर येत नसे. मग बाई सगळा वर्ग घेऊन सायकल स्टँडपाशी यायच्या. आपले शिपाईमामा शिडीवर चढून पत्र्याच्या आढ्यावर बादलीभर पाणी ओतायचे. अर्धं पाणी मैदानाच्या बाजूला, अर्धं ऑफिसच्या बाजूला. मधे एक बोटाचं अंतर. जलविभाजक म्हणजे काय हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही. ऑफिसच्या खिडकीतून आत पाणी जायचं आणि तेव्हाचे हेडसर चिडायचे, तो भाग वेगळा. शिपाईमामा आजही समोर बसलेत, त्यांना विचारा, पाऊस नसताना त्यांच्याकडून शिडी किती वेळा लावून घेतली.

आणि पूर. नाशिककराला पूर मोजायला दुतोंड्या मारुती पुरतो. कमरेला पाणी आलं की घाटावरचे दुकानदार माल हलवतात, छातीला आलं की सराफ बाजारात धावपळ सुरू होते, गळ्याला आलं की सगळं गाव बघायला बाहेर पडतं. ऑगस्ट २०१६ च्या पुराच्या दिवशी बाईंनी पंचवटीकडच्या एकाही मुलाला एकटं सोडलं नाही. घरचं कुणी आलं की सही घेऊन पाठवायच्या. शेवटचा मुलगा गेला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. पाणी ओसरल्यावर मात्र आठवीच्या मुलांना कामाला लावलं. भांडी बाजार, सराफ बाजार, घाटालगतच्या गल्ल्या. दुकानाच्या भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर आली ती पट्टीनं मोजायची, दुकानदाराला विचारायचं, २००८ ला कुठवर आली होती? लिहून आणायचं. त्या नोंदींवरून वर्गानं एक नकाशा तयार केला. निळ्या रंगाच्या तीन छटा, पाणी किती चढलं ते दाखवणाऱ्या. २०१९ ला पुन्हा पूर आला तेव्हा बाईंनी तो नकाशा काढला, नवी मुलं पाठवली, चौथी छटा चढवली. भूगोलाच्या खोलीत तो आजही आहे. फ्रेम करायची बाईंनी परवानगी दिली नाही. म्हणाल्या, फ्रेम केला तर पुढच्या पुराला त्यावर लिहिणार कसं?

आता थोडं स्टाफरूमचं, कारण ते मुलांना माहीत नाही.

स्टाफरूममध्ये आम्ही मुलांबद्दल बोलतो. चांगलं बोलतो, वाईटही बोलतो, हे लपवण्यात अर्थ नाही. "तो नववी क मधला, वाया गेलाय." "तिचं घरात लक्षच नाही कुणाचं." मधल्या सुट्टीत चहाबरोबर असं चालू असतं. बाई वहीतून डोकं वर न काढता विचारायच्या, "तुम्ही पाहिलंत का?" बस्स. त्यावर कुणाचं काही बोलणं होत नसे. राग यायचा कधी कधी, खरं सांगतो. पण ज्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असायचं, त्याच्या घरी त्या संध्याकाळी जाऊन आलेल्या असायच्या. मग कळायचं, तो मुलगा पहाटे मार्केट यार्डात भाजीच्या जुड्या बांधतो आणि म्हणून पहिल्या तासाला झोपतो.

२०११ च्या जनगणनेत आम्हा दोघांना शेजारचे गट मिळाले होते. मी फॉर्म भरून संपवायच्या घाईत. बाई एका घरात अडकल्या. आपल्याच शाळेतली मुलगी, दिवाळीनंतर येणं बंद झालेली, धाकट्या भावंडांना सांभाळत दारात बसलेली. जनगणनेचं काम तिथं पाच मिनिटांत झालं, पुढचा तास तिच्या आईशी बोलण्यात गेला. सोमवारी ती मुलगी वर्गात होती. पुढे तिनं डीएड केलं, ती आज इथं आली आहे, आणि तिनं मला नाव घेऊ नका असं बजावलंय, म्हणून घेत नाही.

एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल, बाई म्हणजे नुसता मायेचा झरा. तसं नाही. बाई कडक होत्या, आणि काही वेळा गरजेपेक्षा जास्त. नकाशात उत्तर दिशेचा बाण विसरलेला असेल तर पान पुन्हा. सूची नसेल तर पान पुन्हा. तेव्हा रडलेली मुलं आज मागे उभी राहून हसतायत. सहकाऱ्यांनाही सूट नव्हती. निकालपत्रकात खाडाखोड झाली की त्या पत्रक परत द्यायच्या, आणि हातात नवा कोरा कागदही द्यायच्या.

सरल आलं, युडायस आलं, मुलांच्या आधारची जुळवाजुळव आली, तेव्हा आमच्या वयाच्या बऱ्याच जणांनी हात टेकले. बाईंनी मोबाइलवर उपग्रहाची चित्रं बघायला आधीच सुरुवात केली होती, त्यामुळे संगणकाचं त्यांना भय नव्हतं. गंगापूर धरणाचं उन्हाळ्यातलं चित्र आणि पावसाळ्यातलं चित्र शेजारी ठेवून वर्गाला दाखवायच्या. आणि वर तेच! "हे चित्र झालं. आता रविवारी घरच्यांबरोबर जाऊन पाहून या."

आहेर काका इथं आहेत. काका, तुमचेही आभार मानायला हवेत. सहलीच्या आदल्या रात्री साठ मुलांच्या चिवड्याच्या पुड्या तुमच्या घरी बांधल्या जायच्या, आणि बांधायला तुम्हीच बसलेले असायचे. आता बाई घरी असणार. त्या तुम्हाला प्रत्येक गोष्टीत "पाहिलंत का?" विचारतील. आमची इतक्या वर्षांची सवय आता तुमच्या वाट्याला.

बाई, तुमच्याशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. भूगोलाच्या खोलीची किल्ली आज तुम्ही नव्या मॅडमकडे देणार आहात. त्यांना तिसऱ्या कपाटातल्या नकाशांच्या गुंडाळ्या कशा लावल्यात ते समजावून सांगा, आम्हा कुणाला ते जमलेलं नाही. दुसरं, दहावीच्या मुलांनी मला मध्यस्थ नेमलंय. पेपरच्या आधी नकाशावाचनाची एक उजळणी त्यांना तुमच्याकडूनच हवी आहे. तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला सक्ती करता येणार नाही. पण बुधवारी दुपारी माझा गणिताचा तास आहे, आणि तो मी तुम्हाला देतोय. सगळ्यांच्या साक्षीनं देतोय.

संस्थेच्या वतीनं शाल, श्रीफळ आणि मानपत्र अध्यक्षांच्या हस्ते दिलं जाईल. त्यानंतर बाई बोलतील. व्हरांड्यात चहा आणि मिसळ आहे, पण पहिल्यांदा मुलं, मग पाहुणे, मग आपण. आहेर बाई, माईक घ्या.