कॉस्ट अकाउंटिंगच्या उत्तरपत्रिकेची गुणपडताळणी व पुनर्मूल्यांकन होण्यासाठी अर्ज

दिनांक : 5 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ

मार्फत : मा. प्राचार्य

अर्जदार : कु. अश्विनी दत्तात्रय शेलार, रा. घोरपडे पेठ, पुणे
वर्ग : तृतीय वर्ष बी.कॉम., सत्र पाचवे
आसन क्रमांक : 48217

विषय : कॉस्ट अकाउंटिंग या पेपरच्या गुणांच्या बेरजेतील चूक दुरुस्त करून उत्तरपत्रिकेचे पुनर्मूल्यांकन होण्याबाबत.

संदर्भ : दि. 3 फेब्रुवारी 2025 रोजी मिळालेली उत्तरपत्रिकेची छायाप्रत.

महोदय,

नोव्हेंबर 2024 मध्ये झालेल्या पाचव्या सत्राच्या परीक्षेत कॉस्ट अकाउंटिंगच्या 75 गुणांच्या लेखी पेपरात मला 26 गुण मिळाल्याचे निकालात दिसते. उत्तीर्ण होण्यासाठी 30 गुण लागतात, म्हणून या विषयात मी अनुत्तीर्ण ठरले आहे. अंतर्गत मूल्यमापनात 25 पैकी 18 गुण आहेत आणि आधीची चारही सत्रे मी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले आहे. पेपर सोपा गेला नव्हता, हे मान्य आहे. तरी 26 या आकड्यावर विश्वास बसेना, म्हणून छायाप्रत मागवली.

छायाप्रतीत मुखपृष्ठावरच्या गुणतक्त्यात प्रश्न 1 ला 7, प्रश्न 2 ला 8, प्रश्न 3 ला 6, प्रश्न 4 ला 3 आणि प्रश्न 5 ला 5 गुण लिहिलेले आहेत. यांची बेरीज 29 होते, पण खाली 26 लिहिले आहे. प्रश्न 4 चा 3 हा आकडा चौकटीच्या खालच्या रेषेवर पुसट उमटला आहे. तो सोडून बाकीचे मिळवले की बरोबर 26 येतात. बेरीज करताना तो नजरेतून सुटला असावा.

याच प्रश्नात आणखी एक चूक आहे. वेळेअभावी प्रश्न 4 (ब) मी शेवटी, पुरवणीच्या पान 29 वर सोडवला होता. उत्तराच्या सुरुवातीला 'प्रश्न 4 (ब)' असे ठळक लिहिले आहे. परीक्षकांनी ते तपासून समासात 4 गुण दिले आहेत, पण ते मुखपृष्ठावर आणलेलेच नाहीत. म्हणजे प्रश्न 4 चे एकूण 7 गुण बेरजेत आलेले नाहीत. ते धरल्यास माझे लेखी गुण 33 होतात. उत्तरपत्रिकेवर परीक्षकांनी स्वतः दिलेल्या गुणांचीच ही बेरीज आहे, यात मी माझ्याकडून एकही गुण वाढवून धरलेला नाही.

केवळ पडताळणी न मागता पुनर्मूल्यांकनही का मागते आहे, ते सांगते. पान 17 वरील प्रश्न 3 (ब) च्या उत्तरावर लाल शाईची खूण नाही, गुण नाहीत, शून्यही नाही. प्रश्न 3 चे 6 गुण फक्त (अ) चे आहेत. (ब) हे प्रक्रिया परिव्ययाचे गणित होते : 1,000 नग टाकले, एकूण खर्च 19,500 रुपये, सामान्य हानी 5 टक्के, तिचे भंगारमूल्य नगामागे 10 रुपये, प्रत्यक्ष उत्पादन 930 नग. भंगाराचे 500 रुपये वजा करून उरलेले 19,000 रुपये 950 नगांवर विभागले, नगामागे 20 रुपये आले आणि 20 नगांची असामान्य हानी 400 रुपये दाखवली. उत्पादनाचे 18,600 रुपये धरून खाते जुळते. हे उत्तर तपासायचे राहून गेले, असे मला वाटते. त्याला किती गुण द्यायचे, हे परीक्षकांनीच ठरवावे.

परीक्षकांविषयी माझ्या मनात राग नाही. शेकडो उत्तरपत्रिका ठरलेल्या दिवसांत तपासायच्या असतात, हे आमचे सर कायम सांगतात. पण या चुकीमुळे माझ्या गुणपत्रिकेवर 'अनुत्तीर्ण' असा शेरा बसला आहे आणि पुढे एम.कॉम.ला प्रवेश घेताना तो आड येईल.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालाने आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्यांना मिळाला, त्यामुळेच हे सर्व मला दिसू शकले. म्हणून नम्र विनंती आहे की,

प्रश्न 4 चे 7 गुण बेरजेत धरून निकाल दुरुस्त करावा. प्रश्न 3 (ब) सह संपूर्ण उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकांकडून तपासून घ्यावी. आणि निर्णय होईपर्यंत मूळ उत्तरपत्रिका जतन करावी.

सहाव्या सत्राचे परीक्षा अर्ज लवकरच सुरू होतील. तोपर्यंत निर्णय न झाल्यास याच विषयाचा बॅकलॉगचा अर्ज व शुल्क भरावे लागेल, म्हणून त्याआधी निर्णय कळवावा. मूळ उत्तरपत्रिका समोर ठेवून काही विचारायचे असल्यास मी सांगाल त्या दिवशी कार्यालयात हजर राहीन.

आपली विश्वासू,
(सही)
अश्विनी दत्तात्रय शेलार

सोबत :
1. छायाप्रतीतील मुखपृष्ठ, पान 17 व पान 29 (संबंधित जागा पेन्सिलने अधोरेखित)
2. पाचव्या सत्राच्या निकालाची प्रत
3. प्रवेशपत्र व महाविद्यालयीन ओळखपत्राची प्रत
4. पुनर्मूल्यांकन शुल्क भरल्याची पावती