विषय: मशीन नं. 4 आणि 5 वर पुढच्या जॉबची ट्रॉली आधीच भरून ठेवणे – चार आठवड्यांच्या ट्रायलसाठी मंजुरी

प्रति: कुलकर्णी साहेब, प्रॉडक्शन मॅनेजर
कडून: संदीप, सुपरवायझर, दुसरी शिफ्ट
प्लांट: भोसरी एमआयडीसी, सीएनसी शॉप

साहेब,

27,000 रुपये आणि चार आठवडे हवे आहेत. त्यातून 4 आणि 5 या दोन लेथवर प्रत्येक सेटिंगमागे किमान 30 मिनिटं वाचतील असा माझा हिशेब आहे. महिन्याला ते 11 मशीन-तास होतात. नवीन माणूस नको, नवीन मशीन नको.

आज काय होतं

गेले दोन आठवडे मी या दोन मशीनजवळ मोबाइलचा स्टॉपवॉच लावून उभा होतो. 11 सेटिंग मोजली. जुन्या जॉबचा शेवटचा पीस निघाल्यापासून नव्याचा पहिला पीस ओके होईपर्यंत सरासरी 110 मिनिटं गेली. ती अशी:

जॉ, बोरिंग बार, इन्सर्ट, गेज, ड्रॉइंग शोधणे: 34 मिनिटं
जुनं उतरवणे, नवीन चढवणे, जॉ बोअर करणे: 28 मिनिटं
ऑफसेट, प्रोग्रॅम, ड्राय रन: 21 मिनिटं
पहिला पीस आणि क्यूसीची वाट: 27 मिनिटं

सगळ्यात मोठा आकडा शोधाशोधीचा आहे, हे मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. पण मागच्या मंगळवारचंच घ्या. पाच नंबरवर फ्लँज लावायची होती. सॉफ्ट जॉचा सेट रॅकवर नव्हता. शिंदेमामा स्टोअरला गेले, तर स्टोअरवाला जेवायला गेलेला. शेवटी दोन जॉ रॅकच्या मागे आणि तिसरा दोन नंबरच्या चिप ट्रेखाली, कूलंट आणि बुरादा लागलेला सापडला. तो पुसून घेतला, तेव्हा कळलं की बोरिंग बारचा इन्सर्ट झिजलाय. पुन्हा स्टोअर. 46 मिनिटं गेली आणि तोपर्यंत चकला कोणी पानाही लावला नव्हता. मामांचा यात काही दोष नाही. एरवी एवढ्या वेळात ते जुनं उतरवून, नवीन चढवून, जॉ बोअर करून मोकळे होतात.

काय करायचं

दोन ट्रॉल्या, एकेका मशीनला एक. चालू जॉबचे शेवटचे 40-50 पीस राहिले की हेल्पर जॉब कार्ड बघून पुढच्या जॉबची ट्रॉली भरेल: जॉचा सेट, टूल होल्डर नव्या इन्सर्टसह, गेज, ड्रॉइंग, चकची ॲलन की. ट्रॉलीच्या फळीवर प्रत्येक वस्तूचा आकार रंगवलेला असेल. जागा रिकामी दिसली की काय राहिलंय ते लांबूनच कळेल. भरायला 20-25 मिनिटं लागतात, पण तेवढा वेळ मशीन चालूच असते. त्याच वेळी क्यूसीला फोन जाईल, म्हणजे इन्स्पेक्टर दुसऱ्या मशीनवर अडकलेला नसेल.

कल्पना माझी नाही. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी मशीन थांबवूनच करावं लागणारं काम आणि मशीन चालू असताना करता येणारं काम वेगळं काढलं, आणि टोयोटात 1,000 टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग तीन मिनिटांवर आणलं. आपल्याला तसलं काही जमणार नाही आणि ते मी मागतही नाही. सॉफ्ट जॉ पुन्हा बसवले की मशीनवरच हलका कट घ्यावा लागतो, नाहीतर रनआउट येतो. ती 28 आणि 21 मिनिटं मी हात न लावता तशीच ठेवली आहेत. शोधाशोध 34 वरून 5 आणि क्यूसी 27 वरून 15 आली, तर 41 मिनिटं वाचतात. त्यातली 30 च मी धरली आहेत, कारण स्टोअरवाला तेव्हाही जेवायला जाणारच.

खर्च आणि परतावा

ट्रॉल्या 2 नग, प्रत्येकी 9,000: 18,000 रुपये
रंगवलेल्या फळ्या, बिन्स, लेबलं: 3,000 रुपये
नेहमी येणाऱ्या तीन जॉबसाठी प्लग गेजचा दुसरा सेट: 6,000 रुपये

दोन्ही मशीनवर महिन्याला साधारण 22 सेटिंग होतात. 22 गुणिले 30 मिनिटं म्हणजे 11 तास. कॉस्टिंगमध्ये आपण मशीन-तास 450 रुपये धरतो, म्हणजे महिन्याला 4,950. खर्च साडेपाच महिन्यांत निघतो.

हा आकडा फार मोठा नाही, मला मान्य आहे. माझा डोळा गुरुवारवर आहे. डिस्पॅच अडकलं म्हणून गेल्या तीन महिन्यांत आपण पाच गुरुवार सुट्टीच्या दिवशी शॉप चालवलं. माझ्यासकट पाच माणसं दुप्पट दराने, म्हणजे अकाउंट्सच्या हिशेबाने एका गुरुवारचे 9,000 च्या आसपास. एका गुरुवारी दोन मशीनचे 16 तास मिळतात. महिन्याला त्यातले 11 आपण कामाच्या दिवसांतच मिळवले, तर महिन्यातला एक गुरुवार तरी टळेल. तो टळला तर ट्रॉल्यांचे पैसे दोन महिन्यांतच वसूल होतील. पोरांना घरी राहायला मिळेल ते वेगळं.

कुठे अडेल

मागच्या फाइव्ह-एसच्या वेळी आणलेल्या रॅकवर आज चहाचे ग्लास असतात, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. ते कोणा एकाच्या नावावर नव्हतं. ही ट्रॉली माझ्या शिफ्टमध्ये माझ्या नावावर असेल, पहिल्या शिफ्टमध्ये गायकवाडांच्या. त्यांच्याशी बोललोय, ते तयार आहेत. मामांनाही विचारलं. ते म्हणाले, "ट्रॉली दे, पण माझे जॉ मीच बोअर करणार." बरोबरच आहे, तसंच ठेवलंय.

खरी अडचण वेगळी आहे. मोजलेल्या 11 सेटिंगपैकी चार वेळा पुढचा जॉब ऐन वेळी बदलला, बहुतेक वेळा ऑफिसच्या फोनवरून. ट्रॉली भरून झाल्यावर क्रम बदलला तर ती रिकामी करून पुन्हा भरावी लागेल आणि सगळं मुसळ केरात. म्हणून विनंती अशी की ट्रायलपुरतं, ट्रॉली भरली की तो जॉब लागणारच. कस्टमरची लाइन थांबत असेल तर तुम्ही स्वतः मला फोन करा, मी बदलतो. दुसऱ्या कोणाच्या फोनवर बदलणार नाही, एवढी मुभा द्या.

ठरवायचं कसं

मोजणी मीच करीन, पण प्रत्येक सेटिंगची सुरुवात आणि पीस ओके झाल्याची वेळ जॉब कार्डवर क्यूसी लिहील, म्हणजे माझ्या घड्याळावर विश्वास ठेवायची वेळ येणार नाही. चार आठवड्यांची सरासरी 80 मिनिटांच्या वर राहिली तर ट्रॉल्या टूल रूमला देऊन टाकू आणि मी हा विषय पुन्हा काढणार नाही. 80 च्या खाली आली तर उरलेल्या चार मशीनचं कोटेशन घेऊन येतो.

मला हवं आहे ते

27,000 रुपयांना मंजुरी, आणि क्रम न बदलण्याबद्दल तुमच्याकडून प्लॅनिंगला दोन ओळींचा मेल. बुधवारी संध्याकाळपर्यंत होकार मिळाला तर मागच्या गल्लीतला फॅब्रिकेटर शुक्रवारी सकाळी पाइप कापायला घेईल. गुरुवारी त्याचंही बंद असतं.

आपला,
संदीप