नैतिकता आणि संमती: व्यायामानंतरच्या नाडीचे प्रात्यक्षिक

या प्रात्यक्षिकात 17 ते 19 वयोगटातले आमचे 24 वर्गमित्र जोड्यांनी काम करतील. जोडीतला एक जण 30 सेंमी उंचीच्या पायरीवर 3 मिनिटे चढ-उतार करेल आणि दुसरा त्याची नाडी मोजेल. मेट्रोनोम मिनिटाला 96 ठोक्यांवर लावलेला असेल, म्हणजे चार ठोक्यांना एक याप्रमाणे मिनिटाला 24 चढ-उतार होतील. आधी 5 मिनिटे बसवून विश्रांतीची नाडी घेतली जाईल. व्यायाम थांबताच खाली बसवून पहिली 15 सेकंदे, आणि मग 5 मिनिटांपर्यंत दर मिनिटाच्या सुरुवातीला 15 सेकंदे ठोके मोजले जातील. सहभागी सर्व जण एकाच वर्गातले असल्यामुळे सर्वांत मोठा धोका दडपणाचा आहे: शिक्षक समोर उभे असताना आणि मित्र बघत असताना ‘मी करणार नाही’ म्हणणे सोपे नसते. म्हणून नकार कुणाच्या लक्षात येऊ नये अशी आखणी केली आहे.

संमतिपत्र आदल्या दिवशी घरी नेण्यासाठी दिले जाईल. ‘हो’ म्हणणारा आणि ‘नाही’ म्हणणारा, दोघेही तेच पत्र घडी घालून पेटीत टाकतील. पेटी प्रयोगशाळा साहाय्यक उघडतील, गुण देणारे शिक्षक उघडणार नाहीत. चढ-उताराला जास्तीत जास्त 12 जण लागतात. बाकीचे नाडी मोजणे, वेळ लावणे आणि नोंद करणे अशी खरी कामे करतात. संमती देणारे जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकल्या जातील, कमी असतील तर तेवढ्यांवरच प्रयोग होईल. त्यामुळे कोण का चढले नाही, हे कुणालाच कळत नाही. अहवालाचे गुण सर्वांना एकाच आकडेवारीवर मिळतील. 18 वर्षांखालील सहभागीसाठी पालकाची सही लागेल. पण पालकाने सही केली आणि सहभागीची इच्छा नसली, तर सहभागीचा शब्द अंतिम.

हृदयाचा आजार, व्यायाम करताना छातीत दुखणे किंवा भोवळ येणे, आटोक्यात नसलेला दमा, गुडघा-घोट्याची दुखापत, गरोदरपण, ताप किंवा नुकताच झालेला मोठा आजार यांपैकी काही असेल तर कृपया ‘नाही’ वर खूण करावी. कोणते कारण, ते लिहू नये; आम्हाला ते नको आहे. बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे त्या घेणाऱ्यांनीही ‘नाही’ म्हणावे. प्रयोगाआधी 2 तास भरपेट जेवण, चहा, कॉफी टाळावी.

चढ-उतार चालू असताना मनगटावरची नाडी नीट हाताला लागत नाही, म्हणून थांबण्याची खूण बोलण्यावरून ठरवली आहे. दर 30 सेकंदांनी जोडीदार एक प्रश्न विचारेल. पूर्ण वाक्यात उत्तर देता आले नाही तर व्यायाम तिथेच थांबेल. छातीत दुखणे, चक्कर, मळमळ, पाय लटपटणे यांतल्या कशावरही तो ताबडतोब थांबेल. थांबल्यावर पहिल्या 15 सेकंदांत 43 किंवा अधिक ठोके (मिनिटाला 172) आले, तर त्या सहभागीची दुसरी फेरी होणार नाही. पायरी भिंतीला टेकवून, न घसरणाऱ्या चटईवर असेल. अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चढू दिले जाणार नाही. मोजणी मनगटावरच, तर्जनी व मध्यमेने होईल. मानेची नाडी कुणीही दाबू नये, कारण तिथल्या दाबाने ठोके एकदम मंदावून भोवळ येऊ शकते. मोजण्यासाठी स्पर्श करावा लागतो, म्हणून जोडीदार सहभागीने स्वतः निवडावा. कुणाचाच स्पर्श नको असेल तर बोटावर लावायचा सेन्सर वापरला जाईल.

नोंदवहीत नावाऐवजी ‘न-01’ ते ‘न-12’ असे संकेत असतील. संकेत आणि नावे जोडणारा एकमेव कागद कुलूपबंद कपाटात राहील आणि अहवाल जमा झाल्यावर फाडून टाकला जाईल. बारा जणांच्या गटात वय आणि लिंग एकत्र दिले तर माणूस सहज ओळखू येतो, म्हणून अहवालात फक्त सरासरी आणि किमान-कमाल आकडे येतील. आकडे फळ्यावर लिहिले किंवा मोठ्याने वाचले जाणार नाहीत, कारण कुणाची नाडी किती वाढली याची चढाओढ लागली की पुढचा जण अंगाबाहेर जोर लावतो. हे प्रात्यक्षिक म्हणजे वैद्यकीय तपासणी नव्हे. तरीही विश्रांतीची नाडी 100 च्या वर राहिली किंवा ठोके अनियमित लागले, तर त्या सहभागीचा व्यायाम होणार नाही आणि त्याला एकट्याला बाजूला घेऊन डॉक्टरांना दाखवायला सांगितले जाईल.

पत्रावरचा संमतीचा मजकूर असा:

‘मी वरील माहिती वाचली आहे आणि माझ्या शंकांची उत्तरे मला मिळाली आहेत. 3 मिनिटांच्या चढ-उतारानंतर दम लागेल आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखू शकतील, हे मला समजले आहे. मी स्वेच्छेने भाग घेत आहे. कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, मी थांबू शकतो किंवा थांबू शकते. नावांचा कागद फाडेपर्यंत मी माझे आकडे काढून टाकायला सांगू शकतो किंवा शकते. त्याचा माझ्या गुणांवर परिणाम होणार नाही.’