विषय: मसुद्यातील नमुनासंख्येची पडताळणी

प्रिय मीनलताई,
सप्रेम नमस्कार.

किशोरींमधील रक्तक्षयाच्या मसुद्यात मी अपेक्षित प्रमाण ५० टक्के, विश्वासपातळी ९५ टक्के आणि त्रुटी ±५ टक्के धरून ३८५ ही संख्या काढली व गळतीसाठी १० टक्के वाढवून ४२४ केली. परंतु मुली ३० पाड्यांतून गटागटाने निवडायच्या असल्याने साध्या यादृच्छिक निवडीचे हे सूत्र अपुरे वाटते. डिझाइन इफेक्ट १.५ घेतला, तर ५७८ होतात, त्यांना १० टक्के गळतीसाठी ०.९ ने भागल्यास ६४३, म्हणजे पाड्यामागे सुमारे २२ मुली (लहान पाड्यांत तेवढ्या मिळतील का, हीही शंकाच). १.५ हा आकडा मी केवळ प्रघात म्हणून घेतला आहे. तो आपणांस योग्य वाटतो का, हे सोमवारपर्यंत कळवल्यास नीतिसमितीकडे मसुदा पाठवता येईल.

आपली,
शुभदा