मोबाइल शिकूया, भाग १: बोट टेकवा, बोट उचला

[सूचना: सावकाश बोलणे. प्रत्येक वाक्यानंतर तीन सेकंद शांतता. बोट टेकेल तिथे पिवळे वर्तुळ आणि 'टक्' आवाज.]

नमस्कार. आज एकच गोष्ट शिकायची. काचेवर बोट कसं लावायचं.

घाई नाही. मी प्रत्येक पायरी पुन्हा करून दाखवणार आहे.

[हाताचे जवळून दृश्य]

माझ्या सासूबाई आधी दारावरची बेल दाबावी तसं दाबायच्या. अंगठ्याचं नख पांढरं पडायचं, आणि फोन भलतंच काहीतरी उघडायचा. चूक त्यांची नव्हती. जोर लावायचा नसतो, हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

बोटाचा मऊ भाग वापरा. नख नको, काचेला नख कळत नाही. बोट फार कोरडं असेल तरी कधीकधी कळत नाही. मग बोटावर हलकी फुंकर मारा, तोंडाची वाफ लागू द्या.

आता कॅल्क्युलेटर उघडू. त्याच्या चित्रात बहुधा अधिक-उणे अशा खुणा असतात. मुद्दाम हेच निवडलं. इथे कितीही चुकलं, तरी कुणाला फोन लागत नाही.

[पिवळे वर्तुळ कॅल्क्युलेटरवर. टक्.]

बोट टेकवा. लगेच उचला.

उघडलं? आता ७ वर बोट टेकवा. लगेच उचला.

[वर्तुळ ७ वर. टक्. वर ७ उमटतो.]

वर ७ दिसला, म्हणजे जमलं. ७७ दिसले, तर बोट दोनदा लागलं. हरकत नाही.

[पडद्यावर मोठ्या अक्षरांत: पुन्हा एकदा]

पुन्हा करू. आता ३ वर. बोट टेकवा. लगेच उचला.

[वर्तुळ ३ वर. टक्. पाच सेकंद शांतता.]

आता मुद्दाम चूक करू. कॅल्क्युलेटरमधून बाहेर या. खाली तीन खुणा असतील, तर मधल्या खुणेवर बोट टेकवा. खुणा नसतील, तर खालच्या कडेवरून बोट वर सरकवा.

[दोन्ही प्रकार, दोनदा. सरकवताना पिवळी रेघ.]

आता त्याच चित्रावर बोट ठेवा आणि उचलूच नका.

[वर्तुळ जागीच मोठे होत जाते. टक् नाही.]

पाहिलंत? एक छोटी यादी आली. काही फोनमध्ये चित्रं थरथरू लागतात. "फोन बिघडला" म्हणून घरोघरी हाका मारल्या जातात, त्या बऱ्याचदा यामुळेच. बिघडलेलं काही नसतं, बोट जास्त वेळ राहिलेलं असतं.

यादीतलं काहीही निवडू नका. रिकाम्या जागी एकदा बोट टेकवा. लगेच उचला.

[वर्तुळ रिकाम्या जागी. टक्. यादी जाते.]

गेली. पुन्हा करू. बोट ठेवून धरा. यादी आली. रिकाम्या जागी टेकवा. लगेच उचला.

[टक्. यादी जाते.]

आता मी बोलणार नाही. फक्त वर्तुळ दिसेल. तुम्ही तुमच्या फोनवर करा.

[निवेदन बंद. कॅल्क्युलेटर, ७, ३, बाहेर. प्रत्येक टक् नंतर आठ सेकंद.]