धर्म आणि पर्यावरण: सेमिनारसाठी सटीप संदर्भसूची

एम. ए. भाग दोन, समाजशास्त्र. सेमिनारचा प्रश्न: निसर्गाला पवित्र मानणारा समाज निसर्गाशी चांगला वागतोच का?

पुढच्या महिन्यात तुम्हा प्रत्येकाला पाच नोंदींची अशी सूची द्यायची आहे, म्हणून ही आधी मी करून दाखवते. लेखक शेजारी बसून वाचतोय असं धरून सारांश लिहा. त्याने मान डोलावून ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ म्हटलं पाहिजे. आपलं मत त्यानंतर. मूल्यमापन करताना आधी पुरावा पाहा: लेखक कुठे गेला, कोणाशी बोलला, काय मोजलं, काय नुसतं गृहीत धरलं. आणि आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग काय, हे एका-दोन वाक्यांत सांगितल्याशिवाय नोंद संपवू नका.

लिन व्हाइट (धाकटे), ‘द हिस्टॉरिकल रूट्स ऑफ अवर इकॉलॉजिक क्रायसिस’, सायन्स, १० मार्च १९६७

गेल्या वर्षी एका वहीत या लेखाचा सारांश असा होता: ‘ख्रिस्ती धर्म निसर्गाच्या विरोधात आहे असे व्हाइट म्हणतात.’ वाक्य छोटं आहे, पण चुकीचं. व्हाइट मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे इतिहासकार. त्यांचं म्हणणं असं: माणसाने सृष्टीवर सत्ता गाजवावी ही बायबलमधल्या उत्पत्तीच्या कथेतली कल्पना पश्चिम युरोपच्या ख्रिस्ती परंपरेत ज्या तऱ्हेने रुजली, तिनेच पुढे विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या आक्रमक वापराला बळ दिलं. पूर्वेकडची ग्रीक परंपरा ते वेगळी काढतात. शिवाय उपायही धर्मातूनच सुचवतात: असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत मानावं. म्हणजे ‘पश्चिम युरोपची’, ‘परंपरेत’ आणि ‘उपायही धर्मातच’ हे तिन्ही तुमच्या सारांशात हवेत. एक जरी गळलं तरी लेख बदलतो.

लेखातला सर्वात दमदार भाग नांगराचा आहे. उत्तर युरोपातल्या चिकट, जड मातीसाठी आठ बैलांचा मोठा नांगर आला. एका घराकडे आठ बैल कुठून असणार? लोकांनी बैल एकत्र केले आणि जमिनीची वाटणी घरच्या गरजेवरून न होता नांगराच्या ताकदीवरून होऊ लागली. इथे पुरावा ठोस आहे. पण नांगराकडून धर्माकडे जाताना लेखाची पकड सुटते. श्रद्धा बदलली म्हणून वागणं बदललं, की उलट? व्हाइट पहिलं गृहीत धरतात आणि दुसऱ्या संस्कृतींशी ताडून पाहत नाहीत. तरीही सुरुवात इथूनच करायची, कारण पुढची बहुतेक चर्चा या पाच पानांशी भांडत पुढे गेली आहे.

यी-फू तुआन, ‘डिस्क्रिपन्सीज बिट्वीन एन्व्हायर्न्मेंटल ॲटिट्यूड अँड बिहेव्हियर’, कनेडियन जिऑग्राफर, १९६८

व्हाइटनंतर पुढच्याच वर्षी आलेला हा लेख लगेच त्याच बैठकीत वाचा. तुआन भूगोलज्ञ. चीनमध्ये निसर्गाशी जुळवून घेण्याचं तत्त्वज्ञान शतकानुशतकं होतं, तरी जंगलतोड प्रचंड झाली, हे ते दाखवतात. एक उदाहरण विसरता येत नाही: बौद्ध धर्माबरोबर दहनाची चाल आली आणि आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रांतांत लाकडाची टंचाई जाणवू लागली. करुणा शिकवणाऱ्या धर्माचाच एक विधी जंगलाला महाग पडला. उदाहरणं निवडक आहेत, आकडे थोडेच, पण ‘मानतात’ आणि ‘वागतात’ ही दोन क्रियापदं तुआनने वेगळी केली. आपला अख्खा सेमिनार त्या दोन क्रियापदांमधल्या जागेत उभा आहे.

तुकाराम, ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’, गाथा

प्राथमिक साधनाची नोंद कशी करायची यासाठी हा अभंग. वृक्षारोपणाच्या फलकापासून शाळेच्या भिंतीपर्यंत पहिली ओळ सगळीकडे असते आणि अभंग तिथेच थांबतो. पूर्ण वाचा. दुसऱ्याच ओळीत ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ येतं आणि शेवट ‘आपुलाचि वाद आपणांसी’ असा होतो. हा एकांताचा, मनाशी चाललेल्या संवादाचा अभंग आहे. आकाश मांडव होतं आणि पृथ्वी आसन, ते हरिकथेच्या भोजनासाठी. झाडं वाचवा असा उपदेश त्यात नाही.

मग उपयोग काय? फार मोठा. ‘सोयरी’ हा नात्याचा शब्द आहे. सोयरीक म्हणजे देणंघेणं, मानपान, येणंजाणं. वर सत्ता गाजवणारा किंवा खाली जपणारा, अशी माणसाची जागा इथे नाहीच. व्हाइटच्या प्रश्नाला मराठीत इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही. पण सतराव्या शतकात देहू परिसरात झाडं कमी तुटली, याचा पुरावा म्हणून हा अभंग वापरू नका. साधनाकडून त्याच्या कुवतीपलीकडचं वदवून घेऊ नये.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक, ‘द सेक्रेड ग्रोव्ह्ज ऑफ वेस्टर्न घाट्स इन इंडिया’, इकॉनॉमिक बॉटनी, १९७६

देवरायांवरचा पायाभूत लेख. देवाच्या नावाने राखलेल्या राईतलं लाकूड तोडायचं नाही, या नियमामुळे आजूबाजूचं जंगल गेल्यावरही जुन्या वनस्पतींचे तुकडे टिकले, आणि बहुतेक ठिकाणी ही राखण देवीच्या नावाने होते, असं लेखक नोंदवतात. आपल्या सूचीत श्रद्धा आणि प्रत्यक्ष झाडं एकाच लेखात तपासणारे हे पहिले लेखक.

मर्यादा दोन. लेखाला जवळपास पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्यातली स्थिती आजची म्हणून सांगता येणार नाही. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची: ‘गाव’ असा एकच शब्द आला की विचारा, गावातलं कोण? नियम कोणी केला, राईत जायला कोणाला मज्जाव होता, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी झाडं उतरवायची तर ते कोण ठरवतं? कोकणात गाव असलेल्यांनी मे महिन्यात आपापल्या राईत जाऊन हे चार प्रश्न गुरवांना आणि घरातल्या मोठ्यांना विचारावेत. उत्तरं लिहून आणा, तीही साधनंच आहेत.

रामचंद्र गुहा, ‘रॅडिकल अमेरिकन एन्व्हायर्न्मेंटलिझम अँड वाइल्डरनेस प्रिझर्वेशन: अ थर्ड वर्ल्ड क्रिटिक’, एन्व्हायर्न्मेंटल एथिक्स, १९८९

अमेरिकेतले ‘डीप इकॉलॉजी’वाले, म्हणजे माणसाच्या गरजांआधी निसर्गाचं स्वतःचं मोल मानणारे, हिंदू, बौद्ध आणि ताओ विचारांतून हवं तेवढं उचलतात आणि ‘पूर्व’ नावाचं एक सोयीचं चित्र रंगवतात, असा गुहांचा आरोप आहे. सोबत ते व्याघ्र प्रकल्पासारख्या योजनांची किंमत गरिबांनी मोजली हे मांडतात. लेख धारदार आहे आणि वादासाठीच लिहिलेला आहे, तेव्हा विरोधी बाजू मूळ वाचूनच ठरवा. आपल्यातल्या ‘आपले पूर्वज पर्यावरणवादीच होते’ म्हणणाऱ्यांनी तर हा आधी वाचावा.

केली ॲली, ‘ऑन द बँक्स ऑफ द गंगा’, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन प्रेस, २००२

या सूचीतलं एकच पुस्तक अख्खं वाचायला वेळ असेल तर हे वाचा. ॲली मानवशास्त्रज्ञ. बनारसच्या दशाश्वमेध घाटावर सांडपाणी डोळ्यांसमोर गंगेत मिसळतं. तिथले पुरोहित ते नाकारत नाहीत. ते म्हणतात, गंगा गंदी होऊ शकते, अपवित्र होऊ शकत नाही. आई मुलाची घाण काढते, म्हणून ती विटाळत नाही. अधिकारी आणि वैज्ञानिक ‘प्रदूषण’ हा शब्द घेऊन घाटावर येतात, तेव्हा दोन्ही बाजू एकाच पाण्याकडे पाहत वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

सारांशात ‘भाविकांना प्रदूषण कळत नाही’ असं लिहिलंत तर पुस्तक वाचलंच नाही असं मी समजेन. लेखिकेचा मुद्दा नेमका उलट आहे. ॲलीचं बळ म्हणजे दीर्घ क्षेत्रकार्य आणि लोकांचे शब्द जसेच्या तसे ऐकणं. उणीव अशी की पुस्तकाचा भर पुरोहितांवर आहे. घाट झाडणाऱ्याला ‘गंदगी’ आणि ‘पवित्र’ हे शब्द कसे दिसतात, हे मला आणखी हवं होतं. ते पुढच्या नोंदीत मिळतं.

मुकुल शर्मा, ‘कास्ट अँड नेचर: दलित्स अँड इंडियन एन्व्हायर्न्मेंटल पॉलिटिक्स’, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, २०१७

भारतातल्या पर्यावरणविचाराने जात पाहिलीच नाही, आणि दलितांचा पाणी, जमीन, श्रम यांचा अनुभव हाच एक वेगळा पर्यावरणविचार आहे, हा शर्मांचा दावा. आपल्याकडे याचं सर्वात जवळचं उदाहरण महाडचं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि नंतर सवर्णांनी ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. गाडगीळ-वर्तकांच्या देवराईत ज्या पवित्रतेने झाडं राखली, त्याच शब्दाने इथे माणसं पाण्यापासून दूर ठेवली. ही दोन टिपणं शेजारी ठेवून वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. शब्द तोच, संरक्षण कोणाचं आणि बहिष्कार कोणावर, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने विचारायला लागतं. उत्तर भारतातली उदाहरणं भरपूर आहेत. महाराष्ट्राची भर तुम्हाला घालायची आहे.

पोप फ्रान्सिस, ‘लाउदातो सी’, २०१५

२४६ परिच्छेदांचं परिपत्र. उत्पत्तीच्या कथेचा अर्थ बेलगाम सत्ता असा लावणं चूक, बाग ‘मशागत करून राखणं’ हेच माणसाचं काम, असं सांगून ते व्हाइटच्या जुन्या आरोपाला चर्चच्या आतून उत्तर देतं. काय असावं हे सांगणारा हा दस्तऐवज आहे, काय आहे हे मोजणारा नाही. तेव्हा त्याला आकडे मागू नका. परिच्छेद ६७ पुरे. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी या पत्राच्या कितीतरी आधी रस्त्यावर उतरले होते, हेही तुमच्या टिपणात यावं.

रम्या नायर आणि सहकारी, ‘शेअरिंग स्पेसेस अँड एन्टँगलमेंट्स विथ बिग कॅट्स: द वारली अँड देअर वाघोबा इन महाराष्ट्र, इंडिया’, फ्रंटियर्स इन कॉन्झर्व्हेशन सायन्स, २०२१

मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरमधल्या वारल्यांच्या वाघोबाच्या, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाच्या, ठाण्यांचा अभ्यास. वाघबारशीला पूजा करायची, मान द्यायचा, आणि त्या बदल्यात वाघोबाने माणसागुरांना सांभाळायचं, असा हा करार आहे. श्रद्धेमुळे हल्ले घटले, असं हा लेख सिद्ध करत नाही. बिबट्याबरोबर राहणं लोकांना कोणत्या नात्यातून जमतं, हे दाखवतो. तुमच्या टिपणात हा फरक दिसलाच पाहिजे. आरेतल्या पाड्यांवर जाणार असाल तर शेंदूर फासलेल्या दगडाचा फोटो काढण्याआधी विचारा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, मूर्ती विसर्जनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं, २०१०, सुधारित २०२०

सरकारी कागदही साधन म्हणून वाचायला शिका. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नकोत, नैसर्गिक माती वापरा, असं २०२०ची सुधारित तत्त्वं सांगतात. भाषा सगळी पदार्थांची आहे: माती, रंग, पाणी. मूर्तीतलं देवपण विसर्जनाने जातं की उत्तरपूजेनंतर आधीच गेलेलं असतं, हा प्रश्न कागदात येऊच शकत नाही, आणि मंडपात मात्र पहिल्यांदा तोच विचारला जातो.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे गिरगाव चौपाटीवर गेले होते. ओहोटी होती. वाळूत अर्धा हात रुतलेला, बोटांवरचा सोनेरी रंग अजून ताजा. सफाई करणाऱ्या बाईंनी झाडू बाजूला ठेवला, हात जोडले, मग तो हात दोन्ही हातांनी उचलून हलकेच टोपलीत ठेवला आणि पुन्हा झाडायला लागल्या. हे मी कुठल्या रकान्यात लिहू? ॲलीच्या, शर्मांच्या, की मंडळाच्या? पहिल्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपलं उत्तर आणि त्याला आधार असलेली एक नोंद लिहून आणा.