मिरची वाळवण्याचा धंदा आपण मिळून करायचा का? शनिवारी संध्याकाळी बसूया

नंदुरबार
26 जुलै 2026

हेमंतदादा, सुनीताताई, जगदीश, प्रशांत आणि मनीषा,

बठ्ठासले राम राम!

शनिवारी, 8 ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजता माझ्या शेडवर या. जेवण करूनच जायचं. बोलायचं आहे ते एका धंद्याबद्दल, जो अजून नाही आणि जो मला एकट्याने करायचा नाही.

विषय मिरचीचा आहे. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती घेतात आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर उन्हात पसरतात. दिवाळीनंतर एखादा अवकाळी पाऊस आला की ताडपत्र्या ओढायची धावपळ सुरू होते. जो माल भिजतो त्याचा रंग जातो, बुरशी धरते आणि भाव पडतो. हेमंतदादाने हे माझ्यापेक्षा जास्त जवळून सोसलंय. मला त्यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे की शेतात चांगला पिकलेला माल शेवटच्या आठ-पंधरा दिवसांत, नुसता वाळता वाळता बिघडतो.

मी गेली काही वर्षं शेडनेट आणि पॉलिहाऊस उभारतो. त्याच पाइपच्या कमानी, त्यावर अतिनील किरणांना टिकणारा 200 मायक्रॉनचा कागद, आत जाळीचे ट्रे आणि टोकाला ओलसर हवा बाहेर फेकणारा पंखा, एवढं जमवलं की सौर वाळवणी घर होतं. हे तंत्र नवं नाही. मिरची यात उघड्या पथारीपेक्षा लवकर वाळते, धूळ बसत नाही, पाऊस लागत नाही.

पण मी नुसती चांगली बाजू सांगायला बोलावत नाही. अवकाळी येतो तेव्हा आभाळही भरलेलं असतं. म्हणजे वाळवणी घराची खरी गरज ज्या दिवशी असते, नेमकं त्याच दिवशी ऊन नसतं. माल भिजणार नाही, पण वाळणारही नाही, आणि बंद जागेत ओली मिरची तशीच पडून राहिली तर बुरशी आतच वाढेल. मग गरम हवेसाठी भट्टी जोडावी लागेल. आपल्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडतात आणि बरेच जण ते पेटवून देतात. त्याच पऱ्हाट्या भट्टीत घालता येतील, पण धूर मिरचीला न लागता फक्त उष्णता आत कशी न्यायची, आणि आतलं तापमान साठ अंशांच्या वर जाऊन मिरची काळवंडू नये म्हणून काय करायचं, हे मला तुमच्याबरोबर बसून ठरवायचंय. मनीषा, इथे तुझा शब्द शेवटचा राहील.

थोडा हिशेबही मांडतो. ओल्या लाल मिरचीत साधारण 75 टक्के पाणी धरलं आणि ती 10 टक्क्यांवर आणायची म्हटलं, तर 100 किलोतून जवळपास 28 किलो सुकी मिरची हाती येते. बाकीचे 72 किलो म्हणजे पाणी, आणि ते उडवणं हाच आपला धंदा. ते जितकं हळू उडेल तितका बुरशीला वेळ मिळतो. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. युरोपात मसाल्यांमध्ये ते किलोला 10 मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. आपली मिरची चवीत कुठे कमी पडत नाही, पण तिथल्या दारात तपासणीचा कागदच आधी बघतात.

आता खरी अडचण. ऊन फुकट आहे. चांगल्या हवेत कुठलाही व्यापारी म्हणेल, तुमचं भाडं कशाला देऊ, माझी पथारी काय वाईट आहे? आणि ढगाळलं की सगळे एकाच दिवशी दारात उभे राहतील. मग आपण भाड्याने वाळवून द्यायचं, की ओली मिरची स्वतः विकत घेऊन, वाळवून, देठ खुडून, प्रतवारी करून विकायची? भाड्यात धोका कमी, पण यंत्रणा अर्धा हंगाम रिकामी. खरेदीत नफा आहे, पण भांडवल अडकतं आणि भाव पडला तर तो आपल्याच अंगावर. माझा कल खरेदीकडे आहे, लहान प्रमाणात, ठरलेल्या दोन-चार गिऱ्हाइकांसाठी. पण हेमंतदादाचं मत ऐकल्याशिवाय मी या कलाला चिकटून बसणार नाही. जगदीश, तुला शेतावरूनच थेट माल द्यायला परवडेल का, तोडणीच्या मजुरीसकट, हे तू आकड्यांत घेऊन ये.

दुसरी गोष्ट, मिरचीचा हंगाम चार-पाच महिन्यांचाच. उरलेलं वर्ष हा सांगाडा उभाच राहणार. सातपुड्यात चैत्रात मोहाची फुलं वेचतात आणि उन्हाळ्यात आमचूर होतो. कैरीच्या फोडी अंगणात, खडकावर वाळतात. सुनीताताई, मोलगी-धडगावच्या बचत गटांशी तुमचं रोजचं बोलणं आहे. त्या बायकांना आमचूर खाली नंदुरबारला आणून वाळवणं जमणार नाही, हे मलाही दिसतं. मग एक लहान वाळवणी घर वरच, त्यांच्याच ताब्यात दिलं तर? हा विचार मला मिरचीइतकाच मोलाचा वाटतो.

नाव, मालकी, हिस्से यांवर त्या संध्याकाळी फक्त तोंडओळख होऊ द्या. प्रशांतने मला एवढं सांगितलंय की उत्पादक कंपनी काढायची तर किमान 10 उत्पादक लागतात आणि सभासद शेती उत्पादकच असावे लागतात. म्हणजे आपल्यातले निम्मे बाहेर. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, दोघांतही होते, पण तिच्यात शेतकऱ्याची जागा कुठे, हा प्रश्न राहतो. पैसे कोणी किती घालायचे हा विषय त्या रात्री काढायचाच नाही. पैशाचं बोलणं सुरू झालं की माणूस मनातलं बोलायचं थांबतो.

बसायची पद्धत साधी ठेवू. पहिला अर्धा तास कोणी बोलणार नाही, प्रत्येकाने आपापल्या कागदावर जे सुचेल ते लिहायचं. मग एकेकाने वाचायचं, आणि सगळ्यांचं वाचून होईपर्यंत ‘हे चालणार नाही’ असं कोणी म्हणायचं नाही. जेवणानंतर मात्र मोकळेपणाने चिरफाड करा. मी सुचवलंय म्हणून कोणी राखून बोलू नका. या चर्चेतून मिरची बाजूला पडून दुसरंच काही निघालं तरी मला आनंद आहे. आणि जे निघेल ते सहाही जणांचं. कोणाला पुढे यायचं नसेल तर त्याने तसं सांगावं, मैत्रीत त्याने काहीही फरक पडणार नाही.

9 तारखेला आदिवासी दिवस आहे, सुनीताताईंना त्या दिवशी सकाळीच कार्यक्रमाला पोहोचायचंय, म्हणून शनिवार धरला. पावसात रात्री घाट चढू नका, ताई, आमच्याकडेच थांबा, आईनेही तसंच सांगितलंय. प्रशांत आणि मनीषाचीही राहायची सोय घरी आहे. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी आणि ठेचा असा बेत ठरलाय. हेमंतदादा, येताना गेल्या हंगामातली सुकी मिरची दोन प्रतींची मूठमूठभर आणा, चांगली आणि भिजून बिघडलेली. मनीषा ओलावा मोजायचं यंत्र आणणार आहे.

बुधवारी, 5 तारखेपर्यंत फोन करून येणार की नाही ते कळवा. मुलाबाळांना आणायचं असेल तर तेही सांगा, म्हणजे बट्ट्या तेवढ्या जास्त टाकता येतील.

तुमचा,
संदीप